पैसे गेले, पण रिचार्ज कुठे अडकलं?

बार्शीतल्या एका किराणा दुकानदाराचं उदाहरण घेऊ. ५ तारखेच्या रात्री त्याने यूपीआय अ‍ॅपवरून २९९ रुपयांचं रिचार्ज मारलं. बँकेचा मेसेज लगेच आला, पैसे गेले. फोन मात्र बंदच. आता तो चिडून मोबाइल कंपनीला फोन लावणार आणि तिथून उत्तर येणार, ‘आमच्याकडे तुमचं पेमेंट दिसत नाही.’ ग्राहकाला हे हात झटकणं वाटतं. बहुतेक वेळा ते खरं असतं.

पैसे कापले म्हणजे ते मोबाइल कंपनीला पोहोचले, हा इथला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. वस्तुतः अशा व्यवहारात दोन वेगळी कामं एकामागून एक होतात. आधी ग्राहकाच्या बँकेतून यूपीआयमार्गे पैसे अ‍ॅपच्या किंवा त्याच्या पेमेंट भागीदाराच्या खात्यात येतात. मग अ‍ॅप मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला कळवतं, ‘या नंबरवर अमुक प्लॅन टाका.’ पहिलं काम होऊन दुसरं फसू शकतं किंवा पहिलंच अर्ध्यावर लटकू शकतं. तक्रार कुणाकडे न्यायची हे त्यावरूनच ठरतं.

हे ओळखायचं कसं? अ‍ॅपमधल्या व्यवहारांच्या यादीत ते रिचार्ज उघडावं. पेमेंटपुढे `Pending` किंवा `Failed` असेल, तर अडचण बँक आणि यूपीआयच्या टप्प्यात आहे. पेमेंट `Success` आणि रिचार्ज प्रलंबित किंवा फसलेलं दिसलं, तर पैसे अ‍ॅपकडे आहेत. अशा वेळी बँकेच्या शाखेत रांग लावून काही निघत नाही, कारण बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झालेला असतो. दोन्ही यशस्वी दिसत असतील, तर अ‍ॅपवरचा मोबाइल कंपनीचा संदर्भ क्रमांक घेऊन कंपनीकडेच जावं.

मागोव्याची खरी किल्ली म्हणजे बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक. अ‍ॅपवर तो बहुधा `UTR` म्हणून दिसतो आणि बँकेच्या विवरणातही तोच असतो. केवळ स्क्रीनशॉट पाठवून भागत नाही. तारीख, रक्कम आणि हा क्रमांक टाइप करून दिला, तर समोरच्याला व्यवहार शोधता येतो.

दुसरा गैरसमज खिशाला जास्त जड पडतो: रिचार्ज झालं नाही, मग लगेच पुन्हा मारा. पहिला व्यवहार प्रलंबित असताना दुसरा केला आणि थोड्या वेळाने पहिलाही पार पडला, तर दोन प्लॅन गळ्यात पडतात. कंपनीच्या दृष्टीने दोन्ही रिचार्ज खरी असल्याने परतावा मिळवणं कठीण जातं. अंतिम निकाल दिसेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं. फारच निकड असेल, तर छोटा प्लॅन घ्यावा म्हणजे नुकसान झालंच तर थोडं होईल.

मेसेज आला नाही म्हणजे प्लॅन लागला नाही, हेही नेहमी खरं नसतं. जुना प्लॅन चालू असताना केलेलं रिचार्ज काही वेळा रांगेत उभं राहतं आणि जुना संपल्यावर सुरू होतं. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये पुढचे प्लॅन पाहिले की ते कळतं. नंबर पोर्ट केलेला असेल, तर रिचार्ज करताना जुनीच कंपनी निवडली गेली नव्हती ना, हेही तपासावं.

आता भरपाईकडे. दिवसाला १०० रुपये मिळतात, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. कधी, ते थोड्यांना माहीत असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे कापले पण विक्रेत्याला पेमेंटची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये, तेही न मागता. म्हणजे बार्शीच्या दुकानदाराचं पेमेंटच लटकलं असेल, तर १० तारखेपर्यंत मुदत आहे आणि ११ पासून भरपाई लागू होते. पण पेमेंट अ‍ॅपकडे पोहोचून रिचार्ज फसलं असेल, तर हा नियम त्याला थेट लागू होत नाही. तिथे अ‍ॅपच्या परताव्याच्या अटी चालतात. परतावा वॉलेटमध्येही आलेला असू शकतो, तेव्हा बँक खात्याबरोबर तेही पाहावं.

तक्रार आधी अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर नोंदवावी. पेमेंटचा दोष असेल आणि बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मोबाइल कंपनीकडे तक्रार केल्यास तक्रार क्रमांक जपून ठेवावा. समाधान झालं नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाताना तो लागतो. अ‍ॅपने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

कस्टमर केअरचा नंबर मात्र गूगलवर शोधू नका, तो अ‍ॅपमधूनच घ्या. परताव्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी तो टाकायला सांगितलं तर फोन ठेवा आणि पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० वर कळवा.