दोन नावांचे एक खाते

रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझ्या थोरल्या बहिणीचे चकली, अनारसे आणि मेतकुटाचे लहानसे दुकान आहे. गेल्या दिवाळीपूर्वी मोठ्या मागण्या देणारी गिऱ्हाईके जेव्हा क्रेडिट कार्ड पुढे करू लागली, तेव्हा भिंतीवरच्या क्यूआरवर आपला निभाव लागणार नाही, हे तिने ओळखले, आणि स्वाइप मशीन घेण्याच्या कामी तिने मला सोबत घेतले.

दोन प्रतिनिधी येऊन गेले. पहिल्याचे म्हणणे असे की मशीनला भाडे नाही, मात्र प्रत्येक कार्डावर सरसकट दीड टक्का कापला जाईल. दुसऱ्याच्या दरपत्रकात दरमहा ३०० रुपये भाडे होते, पण कार्डागणिक वेगळा रकाना होता: रूपे डेबिटला शून्य, इतर डेबिटला ०.४० टक्के, क्रेडिटला १.८ टक्के. ताईने वहीत महिन्याच्या ६० हजारांच्या कार्डविक्रीचा अंदाज मांडला. रूपे डेबिट २० हजार, इतर डेबिट १५ हजार, क्रेडिट २५ हजार. सरसकट दराने ९०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १,०६२ रुपये जात होते. दुसऱ्या रीतीने ६० अधिक ४५० असे ५१० रुपये, त्यात भाडे मिळवून ८१०, आणि जीएसटीसह ९५५ रुपये ८० पैसे. विक्री निम्मी धरली की मात्र पारडे फिरत होते, कारण भाडे तेवढेच राहते. म्हणून ज्याच्याकडे कार्डे क्वचितच येतात, त्याने भाड्याच्या यंत्राला हात लावू नये, असे माझे मत झाले.

परंतु खर्चाहून मोठी गोष्ट निराळीच होती. रूपे डेबिटवर दुकानदाराकडून काहीही कापता येत नाही, हा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. आणि मागील आर्थिक वर्षातील उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या दुकानाला, मशीनवरील इतर डेबिट कार्डांसाठी, रिझर्व्ह बँकेने ०.४० टक्क्यांची व व्यवहारामागे २०० रुपयांची कमाल मर्यादा २०१८ पासून घालून दिली आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. घासाघीस करावयाची ती तेथेच. सरसकट दीड टक्क्याच्या गोड सुटसुटीतपणात ही सारी सवलत गडप होत होती. ताईने दुसरा करारनामा निवडला, आणि मुदतीपूर्वी मशीन परत केल्यास काय द्यावे लागेल, हे कलम सहीपूर्वी मोठ्याने वाचून घेतले.

खरी अडचण आली ती खात्यापाशी. ताईचे बचत खाते तिच्या स्वतःच्या नावाचे, तर गुमास्ता परवाना दुकानाच्या नावाचा. अर्जासोबत जोडलेल्या रद्द केलेल्या धनादेशावरील नाव व परवान्यावरील नाव जुळेना, म्हणून अर्ज आठ दिवसांनी परत आला. दुकानाच्या नावाने चालू खाते उघडणे भाग होते, आणि मालकीच्या दुकानासाठी बँका सामान्यतः अस्तित्वाचे दोन दस्तऐवज मागतात. एक परवाना होता. दुसरा, उद्यम नोंदणीचा दाखला, सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क मिळाला. परवाना, दाखला आणि धनादेश यांवर नाव अक्षरशः एकच असावे, 'अँड सन्स'चीही तफावत नसावी, याकडे आम्ही या वेळी लक्ष दिले. त्यानंतर कंपनीने खात्यात एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव पडताळले, आणि कोणी येऊन दुकानाच्या पाटीचे छायाचित्र घेऊन गेला.

मशीन आले त्या दिवशी गिऱ्हाइकावर प्रयोग न करता ताईने डेबिट कार्डाने दहा रुपयांची विक्री स्वतःच केली. पावतीवर दुकानाचे नाव, व्यापारी क्रमांक आणि मशीनचा क्रमांक हे तिन्ही करारनाम्याशी ताडून पाहिले. पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी येणार होते, आले नाहीत. चौकशीअंती कळले की दिवसाअखेर मशीनवर 'सेटलमेंट' करावे लागते. काही यंत्रे ते मध्यरात्री आपोआप करतात, तिचे करीत नव्हते. बटण दाबले, तेव्हा बेरजेची पावती निघाली आणि रक्कम त्यानंतरच्या दिवशी जमा झाली.

ऐन धनत्रयोदशीच्या सायंकाळी एका आजोबांच्या मोबाइलवर रक्कम वजा झाल्याचा संदेश आला, पण मशीनने पावती दिली नाही. ताईने नम्रपणे सांगितले, "बाबा, माझ्या यंत्राने होकार दिलेला नाही, म्हणून हा व्यवहार मी झाला असे धरू शकत नाही." अशा अपुऱ्या व्यवहाराचे पैसे बँकेने पाच दिवसांच्या आत आपोआप परत करावयाचे असतात, आणि विलंब झाल्यास गिऱ्हाइकास दररोज १०० रुपये भरपाई देय असते, हेही तिने कागदावर लिहून दिले. आजोबांनी तेव्हा रोख देऊन अनारसे नेले आणि तिसऱ्या दिवशी पैसे परत आल्याचे सांगावयास स्वतः आले.

आता रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी ताई बटण दाबते, निघालेल्या पावतीचे मोबाइलवर छायाचित्र घेते, कारण त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत फिकट होतात, आणि सकाळी बँकेच्या उताऱ्यातील जमा रक्कम त्याच्याशी ताडून वहीत लाल खूण करते.