डेमोनंतरचं पत्र कोणासाठी लिहायचं?

दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचा डेमो बहुधा सकाळचं संकलन आटोपल्यावर होतो. काट्यावर दूध ठेवलं की वजन स्क्रीनवर येतं, अ‍ॅनालायझरमधून फॅट आणि एसएनएफ येतात, दरपत्रकाप्रमाणे दर लागतो आणि पावती बाहेर पडते. समोर सचिव, संकलनावरचा मुलगा आणि एखाद-दुसरा संचालक असतात. ‘चांगलं आहे, मिटिंगमध्ये ठेवतो’ असं म्हणून सगळे उठतात. पण निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत होणार असतो, आणि तिथल्या बऱ्याच जणांनी डेमो पाहिलेलाच नसतो. विक्रेताही त्या बैठकीला नसतो. त्याच्या वतीने तिथे बोलतं ते फक्त त्याने नंतर पाठवलेलं पत्र, म्हणून ते न आलेल्या संचालकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहायला हवं.

समजा, एका गावातल्या संस्थेत 8 जूनला डेमो झाला. पत्र त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी गेलं पाहिजे, कारण कोणी काय विचारलं ते तोवरच नीट आठवतं. सॉफ्टवेअरचे गुण पत्रकात छापलेले असतातच, ते इथे पुन्हा सांगू नयेत. संस्थेच्या माणसांनी काय विचारलं आणि त्यावर काय उत्तर मिळालं, तेच लिहावं. या डेमोत एका संचालकांनी विचारलं होतं, ‘आमचा काटा किलोत, दर लिटरला. मग हिशेब कसा?’ प्रश्न साधा वाटतो, पण शेतकऱ्याचा पैसा त्यातच आहे. एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं, म्हणजे 10 किलो दूध सुमारे 9.7 लिटर होतं. 35 रुपये दर धरला तर 10 किलोमागे जवळपास 10 रुपयांचा फरक पडतो. सॉफ्टवेअर कोणत्या आकड्याने भागतं आणि तो आकडा कोण बदलू शकतो, हे पत्रात आलं नाही तर बैठकीत याच प्रश्नावर विषय पुढे ढकलला जाईल.

जे ठरलं नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं. संस्थेचा जुना अ‍ॅनालायझर जोडता येईल का, याचं उत्तर डेमोत मिळालं नव्हतं. अशा वेळी ‘होऊन जाईल’ हा शब्द घातक ठरतो. नवं यंत्र घ्यावं लागलं तर खर्च एकदम वाढतो आणि आधीच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. म्हणून पत्रात असं असावं: ‘आपला अ‍ॅनालायझर जोडता येतो का, हे आमचे तंत्रज्ञ 10 जूनला येऊन तपासतील व त्याच दिवशी लेखी कळवतील. वरील नोंदीत काही चुकले असल्यास कृपया तेव्हाच सांगावे.’

पुढच्या प्रत्येक कामाला एक माणूस आणि एक तारीख हवी. अनेक संस्थांत दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं, तेव्हा 11 ते 20 जून हा काळ चाचणीला सोयीचा. उत्पादकांची यादी, दरपत्रक आणि पशुखाद्याच्या उचलीची बाकी सचिव 10 जूनपर्यंत देतील. दहा दिवस वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालतील. 21 जूनला दोन्हींची बिलं शेजारी ठेवून तपासायची आणि 24 जूनच्या बैठकीत तो कागद ठेवायचा. यादी द्यायचं काम संस्थेकडे आहे, हेही आडपडदा न ठेवता लिहावं. चाचणी रखडते ती बहुतेक वेळा तिथेच.

प्रस्तावावर दोन तारखा लागतात: दिल्याची आणि मुदत संपण्याची. 9 जूनच्या प्रस्तावाला सवयीने सात दिवसांची मुदत घातली तर तो चाचणी अर्ध्यावर असतानाच संपेल. बैठक 24 जूनला आहे, म्हणून 30 जूनपर्यंतची मुदत योग्य. रक्कम हातात पडणाऱ्या बिलाएवढीच दाखवावी: 60,000 रुपये, 18 टक्के जीएसटीचे 10,800, एकूण 70,800. दुसऱ्या वर्षापासूनचं देखभाल शुल्क आणि एसएमएसचा खर्च वेगळा असेल तर तो त्याच पानावर यावा.

या तारखांना कायद्याचाही आधार आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 6 प्रमाणे दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव संपतो. मुदत दिलीच नसेल तर ‘वाजवी’ काळानंतर संपतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर वाद होतो. कलम 7 प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. बैठकीने ‘मंजूर, पण एसएमएस मोफत द्यावेत’ असा ठराव केला, तर मूळ प्रस्ताव स्वीकारला गेला असं होत नाही. विक्रेत्याने त्या ठरावावर काम सुरू करू नये. अट मान्य असेल तर नव्या तारखेचा, नव्या मुदतीचा सुधारित प्रस्ताव द्यावा आणि 9 जूनचा प्रस्ताव रद्द झाल्याचं त्यावरच लिहावं.