बिलात सर्व्हिस चार्ज लावायचा की टिपचा डबा ठेवायचा?

समजा वडनेर भोलजीजवळ हायवेला तुमचा फॅमिली ढाबा आहे. शेगावला निघालेलं एक कुटुंब जेवायला थांबलं. शेवभाजी, भाकरी, ताक, सगळं मिळून बिल झालं १,००० रुपये. तुम्ही नियमित जीएसटीत नोंदलेले आहात, म्हणून ५ टक्के लावले आणि बिल १,०५० झालं. आता शहरातल्या हॉटेलचं बघून तुम्ही १० टक्के सर्व्हिस चार्ज छापला, तर? आधी १०० रुपये वाढतात, मग १,१०० वर जीएसटी लागतो आणि बिल होतं १,१५५. कारण तुम्ही बिलात मागितलेला पैसा हा जेवणाच्या किमतीचाच भाग धरला जातो. त्या १०० रुपयांवरही सरकारला ५ रुपये द्यावे लागतात, आणि तेवढी तुमची उलाढालही वाढते.

पण त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडायचा नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या. त्यावर अपील झालंय, तरी आज नवीन ढाबा टाकणाऱ्यानं सर्व्हिस चार्जच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईकानं १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर १०० रुपये फार महागात पडतील. पोरांना जास्त द्यायचं असेल तर सरळ थाळीचा भाव १० रुपयांनी वाढवा, त्याला कुणाची ना नाही.

टिपचं गणित वेगळं आहे. गिऱ्हाईक खुशीनं देतं, रक्कमही तेच ठरवतं आणि ती पूर्ण कामगारांकडे जाते. म्हणजे ती जेवणाची किंमत नाही, त्यामुळे त्यावर जीएसटी नाही. कार्डवर दिलेली टिप मालकानं कामगारांना वाटली तर तो पगार होतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं, की हा पगार नव्हे, मालक फक्त विश्वासानं पैसे सांभाळणारा आहे. म्हणून पगारासारखा त्यावर टीडीएस कापायचा नाही. कामगारासाठी मात्र ते 'इतर उत्पन्न' असतं. आणि जो पगारच नाही तो किमान वेतनात कसा धरणार? "पगार कमी देतो, टिप मिळेल" हा सौदा बंद करा.

गोची होते ती यूपीआयमध्ये. गिऱ्हाईक १,०५० च्या बिलाला १,१०० स्कॅन करतं आणि "५० पोराला द्या" म्हणतं. पैसे तुमच्या खात्यात आले. नोंद नसेल तर ते ५० रुपये तुमचीच विक्री दिसतात, आणि पोराला वाटतं मालकानं खाल्ले. म्हणून टिपसाठी वेगळा क्यूआर ठेवा, नाहीतर गल्ल्यावर एक वही. बिल नंबर, रक्कम, आणि वाटप झालं की सही.

आता वाटणी. 'ज्याचं टेबल त्याची टिप' ठेवलं, की पोरं कारवाल्यांच्या टेबलाकडे धावतात, ट्रकवाल्यांना पाणी कुणी विचारत नाही. आत तंदूरवाला कुरकुरतो, रोटीला उशीर होऊ लागतो. हे दिसलं की समजा वाटणी बिघडलीय. माझ्या मते सगळी टिप एका डब्यात आणि रोजच्या रोज गुणांनी वाटणी, हेच बरं.

समजा आज ६६० रुपये जमले. तीन वेटर, प्रत्येकी ४ गुण. आचारी ४, तंदूरवाला ३, भांडी घासणाऱ्या मावशी ३. एकूण २२ गुण, म्हणजे एका गुणाला ३० रुपये. वेटरला आणि आचाऱ्याला १२०, तंदूरवाल्याला आणि मावशींना ९०. उद्या एक वेटर सुट्टीवर असेल तर गुण १८ च होतात. तेवढीच टिप आली तर एका गुणाला ३६ रुपयांच्या वर मिळतात. दोघांचं काम वाढलं, पैसाही वाढला. महिन्याला वाटलं असतं तर हा हिशोब जुळवताना भांडणंच झाली असती.

गुण किती द्यायचे हे सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा, कागदावर लिहा आणि किचनच्या दारावर चिकटवा. मावशींना ३ का, असं वेटर विचारतीलच. एक दिवस त्यांना भांड्यांवर बसवा.

डबा रात्री दोन कामगारांसमोर उघडायचा. मालकाचा गुण शून्य. गल्ल्यावर बसणाऱ्या तुमच्या भावाचाही शून्य. फुटलेल्या ग्लासाचे पैसे त्या डब्यातून कापायचे नाहीत, तो डबा तुमचा नाही.