आधी लोकल की आधी एसटी?

समजा, कल्याणला लोकलमधून उतरून मुरबाडची एसटी पकडायची आहे. लोकल ८ ते ९ च्या दरम्यान कधीतरी येते आणि एसटीही त्याच तासात कधीतरी सुटते. एसटी मिळायची तर लोकल आधी आली पाहिजे. याची संभाव्यता किती?

८ वाजता शून्य आणि ९ वाजता एक, असे माप धरू. आडव्या अक्षावर एसटीची वेळ x, उभ्या अक्षावर लोकलची वेळ y. मग प्रत्येक सकाळ म्हणजे एका चौरसातला एक बिंदू. x = y हा कर्ण चौरसाचे दोन त्रिकोण करतो. कर्णाच्या खालच्या त्रिकोणात y लहान, म्हणजे लोकल आधी. आपल्याला हवा तो हाच त्रिकोण.

सगळे बिंदू सारखेच शक्य असते, तर उत्तर सरळ निम्मे आले असते. पण दोन्ही गाड्यांचा कल उशिराकडे आहे आणि लोकलचा जास्त, असे मानू:

f(x, y) = (2/3)(x + 2y)

ही दोन्ही वेळांची संयुक्त घनता. चौरसावर कमीजास्त उंचीची माती पसरली आहे आणि तिचे एकूण घनफळ १ आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. उंची म्हणजे संभाव्यता नव्हे. दोन्ही गाड्या ९ च्या कोपऱ्यात ही उंची २ आहे, आणि संभाव्यता तर १ च्या वर जाऊच शकत नाही. संभाव्यता म्हणजे त्रिकोणावरच्या मातीचे घनफळ.

ते उभे काप घेऊन मोजायचे. x धरून ठेवला की y शून्यापासून x पर्यंतच जातो. त्या कापाचे क्षेत्रफळ (2/3)(x² + x²), म्हणजे (4/3)x². आता x शून्यापासून १ पर्यंत नेऊन सगळे काप जोडले की ४/९ मिळतात, साधारण ४४ टक्के.

चूक होते ती मर्यादांत. y १ पर्यंत नेला तर अख्खा चौरस मोजला जातो आणि उत्तर १ येते. आधी x घेतला, तर तो y पासून १ पर्यंत जायला हवा. शून्यापासून y पर्यंत नेला की वरचा त्रिकोण मोजला जातो आणि ५/९ येतात. शेवटच्या उत्तरात x किंवा y शिल्लक राहिला, तर बाहेरची मर्यादा नक्की चुकली आहे.

इथे मला फार आवडणारी एक पडताळणी करता येते. मातीचा पृष्ठभाग सपाट उताराचा असल्याने त्रिकोणावरची सरासरी उंची म्हणजे तीन कोपऱ्यांच्या उंचींची सरासरी. त्या ०, २/३ आणि २, सरासरी ८/९. तिला त्रिकोणाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे १/२ ने गुणले की पुन्हा ४/९. पृष्ठभाग वक्र असला तर मात्र इंटिग्रेशनला पर्याय नाही.

फलाटावरून स्टँडवर पोचायला ५ मिनिटे लागतात असे धरले, तर सीमारेषा कर्णावरून खाली सरकून y = x − 1/12 होते. त्रिकोणाची बाजू ११/१२ उरते आणि एसटी मिळण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्क्यांवर येते.