ट्विन, डबल, किंग आणि मधले दार

हॉटेलची खोली ठरवताना पाहुण्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. खोलीत किती जण राहू शकतील, पलंग किती आहेत आणि एकेक पलंग किती रुंद आहे. इंग्रजी वर्णनात या तीन गोष्टी बऱ्याचदा एकाच शब्दात कोंबलेल्या असतात. ‘डबल’ म्हणजे कधी दोन माणसांची खोली, कधी दोघांनी मिळून झोपायचा एक पलंग. अमेरिकेत ते पलंगाचे ठरावीक मापही आहे, ५४ इंच रुंद आणि ७५ इंच लांब. तिथल्या काही हॉटेलांत असे दोन डबल पलंग एकाच खोलीत असतात आणि तिलाही डबल खोली म्हणण्याची पद्धत आहे. मराठी वर्णनात या सगळ्यासाठी ‘दुहेरी खोली’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला यातला कोणताही अर्थ लागू शकतो. अनुवाद करणाऱ्याने शब्दाला प्रतिशब्द शोधण्याआधी तो शब्द या तीनपैकी कशाबद्दल बोलतो आहे, हे ठरवणे भाग आहे.

सर्वांत जास्त घोटाळा ‘ट्विन’ने होतो. खोलीला हा शब्द लावला की अर्थ होतो एका खोलीत दोन वेगवेगळे एकेरी पलंग. पण अमेरिकेतल्या गादीच्या व्यापारात ट्विन हे एकाच एकेरी पलंगाचे नाव आहे, ३८ इंच रुंदीच्या. त्यामुळे अमेरिकी वर्णनात ‘दोन ट्विन बेड’ लिहिलेले असते तेव्हा एकूण दोनच पलंग असतात. त्याचे ‘दोन जुळे पलंग’ केले की मराठी वाचक जोड्या मोजतो आणि चार जणांची सोय आहे असे समजतो. ‘जुळी खोली’ तर आणखी दूर नेते, कारण त्यावरून एकमेकींना लागून असलेल्या दोन खोल्या डोळ्यांसमोर येतात. मराठी प्रवाशाच्या कानावर हा शब्द आधीच एका तिसऱ्या अर्थाने पडलेला असतो. सहलीच्या माहितीपत्रकात ‘ट्विन शेअरिंग’चा दर माणशी दिलेला असतो आणि त्याचा अर्थ एवढाच की एका खोलीत दोघे राहतील. तिथे पलंग एक मोठा असेल की दोन सुटे, याबद्दल तो दर काही सांगत नाही. म्हणून नुसते ‘ट्विन खोली’ लिहून थांबणेही पुरेसे नाही. ‘ट्विन खोली : दोन स्वतंत्र एकेरी पलंग’ असे लिहिले की प्रश्न उरत नाही. ट्विन हा शब्द मात्र ठेवावा, कारण आरक्षणाच्या पावतीवर आणि स्वागतकक्षात पाहुण्याला तोच दिसणार आणि ऐकू येणार असतो. ‘डबल बेड’ तर आता मराठी घरांतलाच शब्द आहे, त्याला ‘द्विशय्या’ करण्याने कोणाचेच भले होत नाही.

‘किंग’चा ‘राजेशाही पलंग’ केला की नक्षीचे खांब आणि मखमली उशा आठवतात, रुंदी कळत नाही. या शब्दाचा उपयोग मात्र रुंदी सांगण्यासाठीच आहे, आणि ती देशागणिक बदलते. भारतात किंग पलंग साधारण सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब धरला जातो, क्वीन पाच फूट रुंद. अमेरिकेतला किंग ७६ इंच, म्हणजे सहा फूट चार इंच. ब्रिटनमध्ये पाच फुटी पलंगाला किंग म्हणतात आणि सहा फुटीला सुपर किंग. म्हणजे लंडनच्या खोलीतला किंग हा रुंदीला पुण्यातला क्वीन झाला. लहान मुलाला मध्ये घेऊन झोपणाऱ्या कुटुंबाला हा फरक पहिल्याच रात्री जाणवतो. सहा फुटी पलंगावर तिघांना माणशी २४ इंच मिळतात, पाच फुटीवर २०. ब्रिटनमधला डबल साडेचार फुटांचा असतो, तिथे ही वाटणी १८ इंचांवर येते आणि तिघांची झोप अवघड होते.

यावरचा उपाय मराठी घरांत आधीपासून आहे. गादी करून घेताना किंवा सुताराला पलंग सांगताना लोक ‘पाच बाय साडेसहा’, ‘सहा बाय साडेसहा’ असे फुटांतच बोलतात. हॉटेलच्या वर्णनातही ‘किंग बेड (सहा फूट रुंद)’ असे लिहावे आणि माप हॉटेलकडून विचारून घ्यावे. देशाच्या प्रथेवरून अंदाजाने लिहिलेले माप चुकू शकते, कारण हॉटेलवाले मोठेपणासाठी साडेपाच फुटी पलंगालाही किंग म्हणून टाकतात.

रुंदी कळली तरी पलंग अखंड आहे की जोडलेला, हे वेगळे विचारावे लागते. दोन एकेरी पलंग एकमेकांना चिकटवून वर एक मोठी चादर घातली की तो डबल होतो, आणि हॉटेलच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे. एकच खोली आज जोडप्याला आणि उद्या दोन सहकाऱ्यांना देता येते. जर्मनीत एकाच चौकटीत दोन सुट्या गाद्या ठेवण्याची रीत सर्रास आहे. ब्रिटनमध्ये दोन गाद्या चेनने जोडणारे पलंग मिळतात. भारतातल्या कितीतरी लॉजांमध्ये नुसत्या दोन कॉट शेजारी सरकवलेल्या असतात. मधल्या फटीत गादीची कड लागते, आणि मूल मध्ये झोपणार असेल तर ती फट म्हणजे खरी अडचण. खोलीच्या फोटोत याच्या खुणा दिसतात. चादरीच्या मध्यावर उभी रेघ असते, उशाकडे दोन फळ्या असतात किंवा पांघरुणे वेगवेगळी घड्या करून ठेवलेली असतात. अशा खोलीला ‘दोन एकेरी पलंग जोडून केलेला डबल बेड’ असेच म्हणावे. त्यात हॉटेलची बदनामी नाही. जोडप्याला आणि मित्रांना दोघांनाही ती माहिती उपयोगाची आहे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहता येईल. समुद्रकिनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलचे इंग्रजी वर्णन असे आहे : डीलक्स खोली, एक किंग किंवा दोन ट्विन, जास्तीत जास्त तीन माणसे, मागणीनुसार एक्स्ट्रा बेड. शब्दाला शब्द ठेवून त्याचे मराठी ‘आलिशान खोली, एक राजा किंवा दोन जुळे, कमाल तीन व्यक्ती, विनंतीवर अतिरिक्त पलंग’ असे होते. यातून वाचकाला खोलीत राजा पलंग आणि जुळे पलंग दोन्ही असावेत असे वाटू शकते. तीन माणसांना तीन पलंग मिळतील, असाही समज होतो. खरी गोष्ट वेगळी आहे. खोली दोघांची आहे. तिच्यात एका वेळी एकच मांडणी असते, पाहुणा ती आधी सांगू शकतो, पण मिळेलच असे नाही. तिसऱ्या माणसासाठी वेगळे अंथरूण आणावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. हे हॉटेलशी बोलून पक्के झाल्यावर मराठी मजकूर असा होईल : ‘डीलक्स खोली, दोघांसाठी. सहा फूट रुंद एक किंग बेड किंवा तीन फूट रुंद दोन स्वतंत्र पलंग. कोणती मांडणी हवी ते आरक्षण करताना कळवावे, उपलब्धतेनुसार दिली जाईल. तिसऱ्या व्यक्तीसाठी जमिनीवर जादा गादी, वेगळे शुल्क.’ मजकूर लांबला, हे खरे. पण एकही शब्द भरतीचा नाही.

‘जमिनीवर जादा गादी’ हे शब्द मुद्दाम लिहायला हवेत. भारतातल्या हॉटेलांत एक्स्ट्रा बेड म्हणजे कधी चाकांची घडीची कॉट असते, कधी नुसती गादी. सोबत गुडघेदुखी असलेल्या आजी येणार असतील तर घरच्यांच्या दृष्टीने सगळा निर्णय यावर ठरतो. ‘अतिरिक्त पलंग’ वाचून आलेल्या आजींना जमिनीवरून उठणे जमत नाही आणि शेवटी जोडप्यातले कोणीतरी खाली झोपते. लहान मुलांच्या दरातही हाच भेद असतो. मुलासाठी वेगळे अंथरूण घेतल्यास एक दर, आईवडिलांच्याच पलंगावर झोपवल्यास दुसरा. ‘मूल, बेडसह’ आणि ‘मूल, बेडशिवाय’ असे तोकडे लिहिण्यापेक्षा ‘मुलासाठी वेगळे अंथरूण घेतल्यास’ असे वाक्य वापरावे.

मोठ्या कुटुंबांचा खरा प्रश्न दोन खोल्यांचा असतो, आणि तिथे मराठीतला ‘जोडलेल्या खोल्या’ हा प्रयोग फसवतो. कनेक्टिंग खोल्यांमध्ये मधल्या भिंतीत दार असते, त्यामुळे बाहेरच्या मार्गिकेत न येता एका खोलीतून दुसरीत जाता येते. प्रत्येक खोलीला स्वतःचे मुख्य दारही असतेच. अॅडजॉइनिंग खोल्यांची भिंत एक असते, पण मध्ये दार असेलच असे नाही. त्याहून सैल शब्द अॅडजेसंट, म्हणजे जवळपास, कदाचित समोरासमोर. ‘जोडलेल्या’, ‘लागून असलेल्या’, ‘संलग्न’ हे मराठी शब्द तिन्हींना चालतात, आणि जोडलेले म्हटले की अनेकांना आधी खोलीला जोडून असलेले बाथरूमच आठवते. म्हणून दाराचा उल्लेख करणे हाच मार्ग आहे : ‘मधल्या दाराने आतून जोडलेल्या दोन खोल्या’. दुसऱ्या प्रकाराला ‘शेजारी-शेजारी, मध्ये दार नाही’ आणि तिसऱ्याला ‘एकाच मजल्यावर जवळपास’. आठ वर्षांची दोन मुले वेगळ्या खोलीत झोपणार असतील तर आईवडिलांना पहिला प्रकार हवा असतो, दुसऱ्याने काम भागत नाही.

मधल्या दाराबद्दल आणखी थोडे सांगणे गरजेचे आहे. बहुतेक ठिकाणी तिथे पाठीला पाठ लावून दोन दारे असतात आणि प्रत्येकाची कडी आपापल्या बाजूला. एरवी या खोल्या दोन अनोळखी कुटुंबांना वेगवेगळ्या दिल्या जातात, तेव्हा दोन्ही दारे बंद असतात. याचा अर्थ दोन्ही खोल्या एकाच कुटुंबाच्या नावे असल्या तरच सोय मिळते, आणि विशिष्ट दोन खोल्या त्या दिवशी एकदम रिकाम्या असाव्या लागतात. इंग्रजीत ‘उपलब्ध’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ अनेकदा ‘मागता येतील’ एवढाच असतो. मराठीत ‘मधल्या दाराच्या खोल्या मिळतील’ असे लिहिले तर ते वचन होते. हॉटेल खात्री देत नसेल तर ‘विनंती करता येईल, खात्री नाही’ हे त्याच ओळीत यावे, पानाच्या तळाशी नव्हे.

आरक्षणाच्या संकेतस्थळांवर अनुवादकाला सहसा सलग वर्णन मिळत नाही, सुटे तुकडे मिळतात. एका रकान्यात फक्त ‘ट्विन’, दुसऱ्यात फक्त ‘डबल’. तो पलंगाचा रकाना आहे की खोलीचा, हे विचारल्याशिवाय भरू नये. आकडे पुढे यंत्राने जोडले जातात, तेव्हा पलंग हा शब्द सोयीचा ठरतो, कारण एक पलंग आणि दोन पलंग यांत रूप बदलत नाही. खोली-खोल्या, गादी-गाद्या यांची मात्र दोन रूपे द्यावी लागतात, आणि विशेषण आले की ‘एक मोठा पलंग, दोन मोठे पलंग’ असे तेही बदलते.

तयार मजकुराची परीक्षा घेण्याचा एक साधा मार्ग आहे. इंग्रजी मूळ न पाहिलेल्या माणसाला फक्त मराठी वर्णन द्यावे आणि कागदावर खोलीचा आराखडा काढायला सांगावे : पलंग किती, केवढे, कोण कुठे झोपेल, दारे कुठे. मग तो आराखडा हॉटेलच्या फोटोंशी ताडून पाहावा. दोनऐवजी चार पलंग निघाले तर ट्विनचा अनुवाद चुकला आहे. भिंतीत दार काढताना त्याचा हात थांबला तर ‘जोडलेल्या’ हा शब्द बदलायला हवा. तिसऱ्या माणसाला जागा सापडली नाही तर जादा अंथरुणाची ओळ राहून गेली आहे.