घंटा नेमकी कोणासाठी?

वाईतल्या एका जुन्या घरात सकाळची पूजा चालली होती. आजोबांनी आचमन केलं, संकल्प सोडला, कलशाला गंध लावलं, शंखावर फूल वाहिलं आणि मग घंटेला गंध-अक्षता लावून ती डाव्या हातात उचलली. शेजारी मांडी घालून बसलेल्या सहा वर्षांच्या नातवाला हे काही पटेना.

"आजोबा, देवाची पूजा अजून सुरूच नाही झाली. मग घंटा आधी का वाजवता?"

असा प्रश्न आला की बहुतेक मोठी माणसं "देव जागा होतो" एवढं सांगून मोकळी होतात. हे आजोबा मात्र नोकरीच्या काळात शाळेत शिकवलेले. पूजा थांबवायची नाही आणि पोराला गप्पही करायचं नाही, अशी कसरत त्यांनी साधली.

"अरे, घंटा वाजवताना एक मंत्र म्हणतात. त्याचा अर्थ असा, की देवांनी यावं आणि राक्षसांनी इथून निघून जावं, म्हणून मी हा नाद करतो. पाहुणे यायच्या आधी आपण काय करतो? केर काढतो. मग दार उघडतो. तसंच हे."

"पण आपल्या घरात राक्षस कुठंय?"

आजोबा हसले आणि म्हणाले, "तू मघापासून चुळबुळ करत होतास. घंटा वाजली आणि गप्प बसलास. सध्या एवढा राक्षस गेला तरी पुष्कळ."

विनोद सोडला, तर या उत्तरात पूजेची खरी रचना आहे. षोडशोपचार पूजेत देवाला बोलावण्याचा उपचार म्हणजे आवाहन. कलश, शंख, घंटा आणि दीप यांची पूजा त्याच्या आधी होते, कारण ही पूजेची साधनं आणि ती आधी शुद्ध व्हायला हवीत. घंटेला गंध-फूल मिळतं ते त्यामुळेच. पुढे स्नान, धूप, दीप, नैवेद्य आणि आरती या वेळी ती पुन्हा वाजते. उजवा हात पळी, धूप, निरांजन यांत गुंतलेला, म्हणून घंटा डाव्या हाताकडे. नैवेद्याच्या घंटेचा आणखी एक उपयोग नातवाला न शिकवताच ठाऊक होता: ती वाजली की पानं वाढायला घेतात.

देवळात टांगलेल्या घंटेची गोष्ट थोडी निराळी. तिथे पूजा गुरव किंवा पुजारी करतो, आपण फक्त आल्याची वर्दी देतो. म्हणून ती आत जाताना वाजवायची, दर्शन घेऊन परतताना नाही, असं घरोघरी शिकवतात. देवाला उठवायला काकडआरती असते, आणि शेजारती झाली की तिथे कोणी नाद करत नाही. तेव्हा 'देव जागा होतो' हे उत्तर चूक नाही, फक्त ते दिवसातल्या एकाच वेळेचं आहे.

पूजा आटोपल्यावर पोरानं घंटा हातात घेतली. मूठ घंटेच्या अंगाभोवती आवळली आणि हलवली. नुसता 'खट' असा आवाज आला. आजोबांनी ती वरच्या दांड्याला धरायला लावली आणि म्हणाले, "आता वाजव, आणि आवाज संपेपर्यंत ऐक."

आधी टोल्याचा कर्कश ठणका, मग त्यातले बारीक, उंच सूर विरत गेले आणि खालचा एक जाडसर सूर मागे राहिला. तो सरळ नव्हता, लाटेसारखा कमी-जास्त होत होता. घंटेला टोला बसला की तिची कड एका बाजूनं दबते आणि दुसऱ्या बाजूनं फुगते, मग उलट होतं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. मुठीत धरली की हे दबणं-फुगणंच थांबतं. ओतीव घंटा कधीच तंतोतंत गोल नसते. त्यामुळे एकाच सुराच्या दोन किंचित वेगळ्या आवृत्त्या निघतात, त्या एकमेकींना कधी जोर देतात, कधी मारतात, आणि आपल्याला ती लहर ऐकू येते. म्हणजे नादातली गोडी काही अंशी ओतकामातल्या उणेपणाची.

बाकीची कमाई धातूची. नुसतं तांबं मऊ, त्याचा नाद लवकर मरतो. त्यात साधारण पाचवा हिस्सा कथील मिसळलं की कडक कासं तयार होतं आणि नाद लांबतो. पण कथील वाढलं की ठिसूळपणाही वाढतो, म्हणून अशी घंटा फरशीवर पडली की तडा जाऊ शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो: दांड्याला धरून कडेवर बोटाच्या पेरानं टिचकी मारा. आवाज बद्द आला, किंवा लांबायच्या ऐवजी खरखरत तुटला, तर घंटा गेली असं समजावं. घरातल्या बहुतेक घंटा पितळेच्या असतात, त्या जास्त सोसतात, पण नाद थोडा आखूड.

जाता जाता एक गोष्ट. घंटेचा नाद बरोबर सात सेकंद टिकतो, मेंदूचे दोन्ही भाग जुळवतो वगैरे मजकूर मोबाईलवर फिरत असतो. नाद किती टिकेल ते आकार, धातू आणि टोला ठरवतात. मुठीएवढ्या घंटेचा आणि देवळातल्या मोठ्या घंटेचा काळ एकच कसा असेल?

दुपारी आजोबा नातवाला मेणवलीला घेऊन गेले. वाईपासून जवळच कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि मागे दगडी घाट. घाटावरच्या छोट्या दगडी बांधकामात एक मोठी घंटा टांगलेली आहे. पोर तिच्याकडे बघतच राहिलं.

"आजोबा, हिच्यावर बाळ घेतलेली बाई कोण?"

ती मेरी, कडेवरचं बाळ येशू. घंटेवर साल आहे 1707. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून आणल्या गेल्या आणि मराठी मुलखातल्या देवळांत पोहोचल्या. भीमाशंकरला एक आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच.

"म्हणजे ही आधी दुसऱ्या देवाला बोलवायची?"

"नाही रे. तिथे ती माणसांना बोलवायची. प्रार्थनेची वेळ झाली, या म्हणून. गाव लांब पसरलेलं, घड्याळ कोणाकडे नाही. म्हणून ती उंच मनोऱ्यात टांगायची."

"मग राक्षस?"

इथे आजोबांच्या हाती हुकमाचं पान लागलं. युरोपातही चर्चच्या घंटेला आशीर्वाद देऊन पवित्र करत आणि तिच्या नादानं वादळ, वीज आणि दुष्ट शक्ती दूर पळतात असा पक्का समज होता. वीज कडाडू लागली की मुद्दाम घंटा वाजवत. त्यापायी ओला दोर हातात धरून उंच मनोऱ्याखाली उभे राहिलेले घंटावाले विजेनं मेलेही.

"म्हणजे त्यांचेपण राक्षस होते," पोर म्हणालं.

"होते. आणि घंटेनं पळायचे, असं त्यांनाही वाटायचं."

पोरानं थोडा विचार केला आणि पुढचा प्रश्न काढला: मग वसईचे लोक घंटा गेल्यावर प्रार्थनेला कसे जमले? आजोबांनी चप्पल घातली आणि चहाची टपरी कुठे दिसते ते बघायला लागले.