नव्याच्या सणाचं ताट

आमच्याकडे रोश हशानाला जेवायला येतोयस, तर सूर्यास्तानंतर ये. कोकणातले बेने इस्राएल या सणाला ‘नव्याचा सण’ म्हणतात. दारातच ‘शाना तोवा’ म्हण, म्हणजे वर्ष चांगलं जावो.

ताटात फोडी दिसल्या तरी लगेच हात घालू नकोस. आधी द्राक्षरसावर किद्दूशची प्रार्थना होते, मग गोल पाव मधात बुडवून वाटतात. त्यानंतर सफरचंदाची फोड मधात बुडवून गोड वर्ष मागायचं. डाळिंबाच्या दाण्यांइतकी सत्कृत्यं घडावीत, ही पुढची मागणी. माशाचं डोकं पाहून दचकू नकोस. ‘आम्ही शेपूट नव्हे, डोकं होऊ’ अशी ती प्रार्थना आहे.

मला खरी ओढ मात्र चिकाच्या हलव्याची. गहू दोन-तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात. तो साखर आणि नारळाच्या दुधात मंद आचेवर सतत ढवळायचा. हात थांबला की गुठळ्या झाल्याच! कडा सोडू लागला की ताटात थापून वड्या पाडायच्या. दूध नारळाचंच, कारण मटणाच्या जेवणात गाईम्हशीचं दूध चालत नाही. म्हणून येताना पेढे आणू नकोस, फळं आण.